खान्देशातल्या अटॅक्सिया रुग्णांचा अभ्यास: नमुना आकार आणि पॉवरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबारमध्ये न्यूरोलॉजी, मेडिसिन किंवा फिजिओथेरपीत संशोधन करणाऱ्यांसाठी हे पान आहे. दुर्मीळ आजारांची यादी लांबलचक आहे. आम्ही मात्र एकच उदाहरण घेऊन ते शेवटापर्यंत सोडवलं आहे. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया म्हणजे एससीए असलेल्या रुग्णांना १२ आठवडे घरच्या घरी तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, तर फरक पडतो का? एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, आणि मोजमाप ‘सारा’ मोजपट्टीवर.

‘सारा’मध्ये नेमकं काय मोजतात?

आठ गोष्टी: चालणं (० ते ८), उभं राहणं (० ते ६), बसणं (० ते ४), बोलणं (० ते ६) आणि हातापायांच्या चार चाचण्या (प्रत्येकी ० ते ४). एकूण ४० गुण, आणि गुण जास्त तितका त्रास जास्त. चालण्याच्या चाचणीत रुग्णाला भिंतीला समांतर चालायला, अर्धं वळण घ्यायला आणि मग टाचेला बोटं लावत एका रेषेत चालायला सांगतात.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण असं की तोलाच्या व्यायामाने बोलणं सुधारण्याची शक्यता कमी. म्हणजे ४० पैकी काही गुण जागचे हलणारच नाहीत, पण मोजमापातली चढउतार मात्र ते वाढवतील. बोलण्याचा गुण साध्या संभाषणावरून देतात. रुग्ण घरी अहिराणी बोलत असेल आणि तपासनिसाला ती येत नसेल, तर शब्द कळला नाही म्हणून गुण वाढतो आणि दोष आजाराच्या नावावर जातो. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात भिली किंवा पावरी बोलणाऱ्यांबाबतही हेच. भाषा जाणणारा तपासनीस नेमणं हे एरवी सौजन्य वाटेल, पण इथे त्याने प्रमाण विचलन खाली येतं आणि रुग्णही कमी लागतात.

खान्देशात असे रुग्ण असतील तरी किती?

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७, धुळ्याची २०,५०,८६२ आणि नंदुरबारची १६,४८,२९५ होती. तिन्ही मिळून साधारण ७९ लाख. आनुवंशिक, प्रभावी पद्धतीने उतरणाऱ्या अटॅक्सियाचं प्रमाण जगभरातल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात लाखाला सुमारे २.७ आलं आहे. तेच प्रमाण इथे धरलं तर साधारण २१४ रुग्ण होतात. हा आकडा मोजलेला नाही, अंदाजाचा आहे. गावोगावी जाऊन मोजणी होईपर्यंत तो तसाच लिहावा.

आता चाळणी लावा. समजा निम्म्या रुग्णांचं निदान झालेलं आहे आणि त्यांचा पत्ता लागतो: १०७. त्यांतले निम्मे प्रौढ आहेत, सीएजी रिपीटची तपासणी झालेली आहे आणि काठी घेऊन का होईना, चालू शकतात: ५४. त्यांतले ७० टक्के संमती देतात: ३७. हे टक्के उदाहरणापुरते धरले आहेत. तुमच्या ओपीडीच्या नोंदींवरून स्वतःचे काढा, पण चाळणी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. संशोधन आराखड्यात २१४ धरून बसलेल्यांच्या हातात शेवटी ३७ येतात, तेही दोन वर्षं गेल्यावर.

लोकसंख्या माहीत आहे, मग यामानेचं सूत्र वापरून नमुना काढला तर?

नको. N/(1+Ne²) हे सूत्र प्रबंधांमध्ये सर्रास दिसतं. N = २१४ आणि e = ०.०५ घातलं की १४० येतात आणि आकडा गोंडस वाटतो. पण ते सूत्र सर्वेक्षणासाठी आहे: एखाद्या गावात किती टक्के लोक अमुक करतात, हे ठरावीक अचूकतेने सांगण्यासाठी. त्यात ना प्रमाण विचलन आहे, ना अपेक्षित फरक, ना पॉवर. दोन उपचारांची तुलना करताना त्याचा काही संबंध नाही.

याच चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे ‘एकूण रुग्णच कमी, म्हणून नमुनाही कमी चालेल’ असं म्हणणं. चाचणीतून निघणारा निष्कर्ष उद्या निदान होणाऱ्या रुग्णालाही लावायचा असतो. त्यामुळे आजार दुर्मीळ आहे म्हणून गणित सवलत देत नाही.

मग योग्य गणित कोणतं?

चार गोष्टी लागतात. पकडायचा फरक (δ), प्रमाण विचलन (σ), चुकून फरक दिसण्याची मुभा (बहुधा ५ टक्के) आणि पॉवर, म्हणजे खरोखर तेवढा फरक असेल तर तो आपल्या अभ्यासात सापडण्याची शक्यता (बहुधा ८० टक्के). प्रत्येक गटासाठी:

```
n = 2 * (1.96 + 0.84)^2 * sigma^2 / delta^2
```

आपल्या उदाहरणात रुग्णारुग्णांमधलं प्रमाण विचलन ५ गुण आणि पकडायचा फरक २ गुण धरू. २ × ७.८४ × २५ ÷ ४ = ९८. दोन गटांत मिळून १९६. खान्देशातला अंदाजे प्रत्येक रुग्ण आणला तरच हे जमेल. बरेच जण इथेच हात टेकतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे फरक २ ऐवजी ४ लिहून नमुना चौथाईवर आणतात.

फरक २ गुणच का? ४ का नाही?

युरोपातल्या मोठ्या पाठपुराव्यात ‘सारा’ दर वर्षी साधारण इतका वाढलेला दिसला: एससीए-१ मध्ये २.११, एससीए-२ मध्ये १.४९, एससीए-३ मध्ये १.५६ आणि एससीए-६ मध्ये ०.८० गुण. म्हणजे २ गुणांची सुधारणा झाली तर एससीए-२ च्या रुग्णाने वर्षभराहून जास्त काळात गमावलेलं परत मिळवल्यासारखं आहे. रुग्णाच्या दृष्टीने हे मोलाचं आहे आणि व्यायामाकडून एवढी आशा धरणं अवाजवी नाही. ४ गुण म्हणजे अडीच वर्षांहून जास्त काळ मागे जाणं. तसं लिहिलंत तर एथिक्स कमिटीतला जाणकार पहिला प्रश्न तोच विचारेल.

फरक आजाराकडे बघून ठरवावा, हाताशी असलेल्या रुग्णसंख्येकडे बघून नव्हे.

प्रत्येक गटात १०-१० घेऊन बघितलं तर निदान काहीतरी कळेल ना?

जे कळेल ते बहुतेक दिशाभूल करणारं असेल. शेवटचे गुण नुसते तुलनेला घेतले आणि विचलन ५ असलं, तर १०-१० च्या गटांत फरकाची प्रमाण त्रुटी २.२४ येते. ५ टक्क्यांची रेषा ओलांडायला दिसणारा फरक किमान ४.७ गुण हवा. पण खरा फरक तर २ आहे! म्हणजे निकाल ‘लक्षणीय’ यायचा असेल, तर योगायोगाने फरक दुपटीहून जास्त फुगलेला असलाच पाहिजे. असा अभ्यास एकतर काही सापडलं नाही म्हणेल, नाहीतर फुगवलेला आकडा छापेल. पुढचा संशोधक तोच आकडा घेऊन आपला नमुना ठरवतो आणि चूक पुढे चालत राहते.

रुग्ण न वाढवता पॉवर वाढवण्याचा मार्ग आहे का?

आहे, आणि दुर्मीळ आजारांत सगळी मेहनत इथेच घालावी. १९६ हा आकडा आला तो केवळ शेवटच्या गुणांची तुलना केली म्हणून. रुग्णांचे गुण एकमेकांपासून लांब असतात, पण एकाच रुग्णाचे सुरुवातीचे आणि शेवटचे गुण जवळ असतात. विश्लेषणात सुरुवातीचा गुण सहचल म्हणून घेतला (यालाच अँकोव्हा म्हणतात), तर आधीच्या नमुन्याच्या १ − r² पट एवढाच नमुना लागतो. r म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या गुणांमधला सहसंबंध. r = ०.८५ असेल तर ९८ × ०.२७७५ = २८. एका गटामागे ७० रुग्ण वाचले.

दुसरी पायरी मोजमापाची. सुरुवातीला एकदाऐवजी दोनदा, चार-पाच दिवसांच्या अंतराने मोजा आणि शेवटीही तसंच दोनदा. दोन्ही वेळच्या सरासऱ्या घ्या. कोणत्याही दोन मोजमापांमधला सहसंबंध सारखाच ०.८५ आहे असं धरलं, तर गुणक ०.२७७५ वरून ०.१४४ वर येतो आणि ९८ चे १५ होतात. त्यासाठी खर्च एवढाच की तपासनिसाच्या दोन फेऱ्या वाढतात. चोपडा किंवा शहाद्याच्या पलीकडच्या गावात दोन जादा फेऱ्या मारणं नवा रुग्ण शोधण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. दोन्ही मोजमापं एकाच दिवशी उरकू नका. रुग्ण दमलेला असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, तर ती कसर दोन्हींत सारखीच येते आणि सरासरी काढून उपयोग होत नाही.

r = ०.८५ कुठून आणायचा? आणि तो चुकला तर?

सगळं गणित याच आकड्यावर उभं आहे, म्हणून तो एकच धरू नये. r = ०.७ निघाला, तर एकेका मोजमापावर गुणक ०.५१ होतो आणि गटामागे ५० लागतात. दोन-दोन मोजमापांवर गुणक ०.२७३५, म्हणजे २७. आराखड्यात दोन्ही आकडे लिहा.

एक फसवी जागा इथे आहे. गट एकसारखा व्हावा म्हणून ‘सारा’ ८ ते १६ मधलेच रुग्ण घेतले, तर σ नक्की कमी होतं. पण त्याचबरोबर r देखील घसरतो, कारण रुग्णारुग्णांमधलं अंतरच कमी झालेलं असतं. नमुना ठरतो तो σ√(1 − r²) या उरलेल्या विचलनावरून. सर्वांना घेतलेल्या अभ्यासातला मोठा r आणि निवडक गटातला लहान σ अशी जोडी लावली, तर नमुना फसवा लहान येतो. दोन्ही आकडे एकाच प्रकारच्या रुग्णांवरून घ्या.

पायलटमध्ये १० रुग्णांवर विचलन ५ आलं. तेच वापरू?

तसंच्या तसं नको. १० जणांवरून काढलेल्या ५ या विचलनाची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ३.४ ते ९.१ आहे. नमुना विचलनाच्या वर्गाने वाढतो. खरं विचलन ९.१ असेल तर रुग्ण तिपटीहून जास्त लागतील. व्यवहारात ८० टक्क्यांची वरची मर्यादा घेतात. १० रुग्णांसाठी ती ६.५ च्या आसपास येते आणि नमुना सुमारे १.७ पट होतो. हे जड वाटत असेल, तर प्रकाशित अभ्यासांतलं विचलन आणि पायलटमधलं विचलन शेजारी ठेवा आणि मोठं घ्या. पायलटमधून फरकाचा (δ) आकडा मात्र कधीच उचलू नका. कारण वर १०-१० च्या उत्तरात आलंच आहे.

एकाच घरातले दोन-तीन रुग्ण आहेत. अडचण येईल का?

येईल, आणि एससीएमध्ये हा प्रश्न टळत नाही. पालकांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे भाऊ-बहीण, काका-पुतण्या एकत्र सापडतात. थोरला व्यायामाच्या गटात आणि धाकटा दुसऱ्या गटात टाकला, तर ओसरीवर थोरल्याचे व्यायाम बघून धाकटाही आठवड्याभरात ते करू लागतो. नाही तर आई स्वतःच त्याला करायला लावते. मग दोन गटांतला फरक पुसला जातो.

म्हणून चिठ्ठी घराच्या नावाने काढा, रुग्णाच्या नव्हे. त्याची किंमत मोजावी लागते. एका घरातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, त्यामुळे दोघांकडून दोघांइतकी नवी माहिती मिळत नाही. वाढीचा गुणक 1 + (m − 1) × ICC. घरटी सरासरी १.५ रुग्ण आणि घरातलं साम्य (ICC) ०.२ धरलं तर १.१ येतो. एखाद्या घरात पाच रुग्ण आणि बाकीच्यांत एकेक असेल, तर गुणक यापेक्षा वाढतो. अशा मोठ्या घरासाठी नियम आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ एका घरातून जास्तीत जास्त तीन.

गळती किती धरायची?

आपण १५ टक्के धरली आहे. इथे ती कधी होईल हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत रुग्णाला घेऊन येणारा माणूसच शेतात असतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात माल निघतो त्या दिवसांतही तेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा एसटीने आलेला रुग्ण चाचणीआधीच थकलेला असतो. दोन्ही गट एकाच वेळी चालू असतील तर उन्हाने निकाल एका बाजूला झुकणार नाही, पण विचलन वाढेल. शेवटचं मोजमाप मेमध्ये येणार नाही अशी भरती आखा, किंवा मोजमाप सकाळी रुग्णाच्या घरीच करा.

भागाकार लक्षात ठेवा. १८ रुग्ण शेवटी हवेत तर १८ ÷ ०.८५ करायचं. १८ मध्ये १५ टक्के मिळवले की आकडा कमी पडतो.

सगळं धरून शेवटी किती रुग्ण लागतात?

गटामागे १५ पासून सुरुवात. घरांसाठी × १.१, म्हणजे १७. लहान नमुन्यात टी-वितरणासाठी १ वाढवा: १८. गळतीसाठी ÷ ०.८५: २२. एकूण ४४. r = ०.७ धरून हीच पायरी चढलात तर गटामागे ३७, एकूण ७४.

आणि चाळणीतून हाती येत होते ३७. गळतीनंतर त्यांतले ३१ उरतील आणि घरांचा गुणक लावल्यावर ते गटामागे सुमारे १४ जणांइतके ठरतील. r = ०.८५ असेल तर पॉवर साधारण ७७ टक्के, r = ०.७ असेल तर जेमतेम निम्मी. पहिल्या परिस्थितीत अभ्यास करण्याजोगा आहे. दुसऱ्या परिस्थितीत रुग्णांना १२ आठवडे राबवून नाणं उडवण्यासारखं होईल. म्हणून आमचा सल्ला असा: आधी १५ ते २० रुग्णांवर, काहीही उपचार न देता, १२ आठवड्यांच्या अंतराने नुसती मोजमापं करा आणि r कोणत्या टप्प्यात आहे ते बघा. तो कमी दिसला तर नाशिक, बुलढाणा किंवा बऱ्हाणपूरचं केंद्र सोबत घ्या. तसं करताना तपासनिसांचं प्रशिक्षण एकत्रच झालं पाहिजे, नाहीतर वाढलेले रुग्ण वाढलेल्या विचलनात जातात.

हेच संगणकावर कसं तपासू?

आर ही मोफत प्रणाली पुरेशी आहे:

```
power.t.test(delta = 2, sd = 5, power = 0.80)
power.t.test(delta = 2, sd = 5 * sqrt(0.1439), power = 0.80)
```

पहिल्या ओळीचं उत्तर ९९ च्या थोडं वर येतं आणि दुसरीचं १५ च्या थोडं वर. नेहमी वरचा पूर्णांक घ्या. घरांचा गुणक आणि गळती यात धरलेली नाही, ती हातानेच लावायची.

क्रॉसओव्हर केलं तर निम्मे रुग्ण पुरतील, असं म्हणतात.

औषधाचा परिणाम काही दिवसांत उतरत असेल तर खरं आहे. शिकलेला तोल असा उतरत नाही, त्यामुळे पहिल्या टप्प्यातला व्यायाम दुसऱ्या टप्प्यात शिल्लक राहतो. त्याऐवजी दुसऱ्या गटाला १२ आठवड्यांनंतर व्यायाम द्यायचं कबूल करा. संमती वाढते आणि गणित बदलत नाही.

दोघांना व्यायाम आणि एकाला नेहमीचे उपचार, अशी २:१ वाटणी?

चालेल. त्याच पॉवरसाठी एकूण रुग्ण साडेबारा टक्के जास्त लागतात. संमती त्याहून जास्त वाढणार असेल तरच करा.

‘सुधारला / नाही सुधारला’ असे दोनच गट केले तर डॉक्टरांना समजायला सोपं जाईल.

समजायला सोपं, पण महागडं. मोजलेला गुण मध्यावर तोडून दोन खणांत टाकला की साधारण ३६ टक्के माहिती वाया जाते. जिथे ३७ रुग्ण मिळायची मारामार आहे, तिथे तेरा-चौदा जण घरी पाठवल्यासारखं ते आहे. मुख्य विश्लेषण गुणांवरच करा आणि किती टक्के सुधारले ते खाली एका ओळीत द्या.

आजाराची गती मंदावणाऱ्या औषधाचा अभ्यास इथे करता येईल?

एकट्या खान्देशात नाही. एससीए-२ ची वर्षाची वाढ दीड गुण. औषधाने ती निम्मी केली तर वर्षाअखेर फरक पाऊण गुण. २ ऐवजी ०.७५ पकडायचा म्हणजे नमुना ७ पटींहून जास्त: वरच्या सगळ्या युक्त्या करूनही गटामागे शंभराच्या वर. तेही वर्षभरात r तेवढाच टिकला तर. असा अभ्यास देशपातळीवरचाच हवा. आपण त्यात एक केंद्र म्हणून सामील होऊ शकतो, आणि त्यासाठी आजपासून नोंदवही ठेवणं हेच काम आहे.

व्यायामाच्या गटात कुणीच पडलं नाही. ‘सुरक्षित’ लिहू?

१८ जणांत एकही पडला नाही, तर पडण्याचा खरा धोका ९५ टक्के खात्रीने ३ ÷ १८, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांपर्यंत असू शकतो. तो आकडा लिहा. ‘सुरक्षित’ हा शब्द त्यात बसत नाही.

एथिक्स कमिटीच्या अर्जात आणि सीटीआरआयवर काय लिहायचं?

मुख्य निष्पत्ती कोणती आणि किती आठवड्यांनी, δ आणि त्याचं कारण, σ आणि r कुठून घेतले, मोजमापं किती, घरांचा गुणक, गळती, आणि r घसरला तर पॉवर किती उरेल. ‘पूर्वीच्या अभ्यासांवरून नमुना ६० घेतला’ अशी एक ओळ पुरत नाही. वाचणाऱ्याला तुमचा आकडा कॅल्क्युलेटरवर परत काढता आला पाहिजे. सीटीआरआयवरची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करायची असते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही.

निकाल लक्षणीय आला नाही. परीक्षक म्हणतात, आता पॉवर काढून दाखवा.

दिसलेल्या फरकावरून मागाहून काढलेली पॉवर म्हणजे पी-मूल्यच वेगळ्या रूपात. पी बरोबर ०.०५ असेल तर ती जवळपास ५० टक्के येते, आणि पी मोठा असेल तर आणखी कमी. नवी माहिती काहीच मिळत नाही. त्याऐवजी विश्वासमर्यादा द्या. समजा सुधारणा १.१ गुण आणि मर्यादा −०.४ ते २.६ आली. मग लिहायचं असं: थोडं नुकसान झालं असण्यापासून २ गुणांहून जास्त फायदा झाला असण्यापर्यंत सगळं या माहितीशी जुळतं. सोबत प्रत्यक्षात मिळालेले σ, r आणि ICC छापा. पुढच्या केंद्राला नमुना ठरवायला तेच लागणार आहेत.